मॉक्युमेंटरी सिटकॉममधली मुलाखत आणि अवघडलेलं हसू

मॉक्युमेंटरी म्हणजे गोष्ट सगळी रचलेली, पात्रं रचलेली, पण दाखवायचं असं की एखादी खरी डॉक्युमेंटरी टीम तिथं येऊन शूटिंग करू लागली आहे. ऑफिसवरच्या सिटकॉमला हा फॉर्म लावला की मधेमधे एकेक पात्र खुर्चीत एकटं बसून कॅमेऱ्याशी बोलतं, समोरचा प्रश्न बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, फक्त उत्तर येतं. ह्याला टॉकिंग हेड म्हणतात. आपल्याकडं चॅनलवाले बूम पुढं करून बाइट घेतात ना, तसलंच पण निवांत बसवून घेतलेलं. ह्या बाइटमुळं जे हसू येतं ते खळखळून येत नाही, अंग चोरल्यासारखं होतं आणि तरी हसू आवरत नाही. ते नेमकं कुठून येतं ते ह्या नोंदीत बघू.

आधी थोडं मागचं. 'द ऑफिस' ही ब्रिटिश मालिका 9 जुलै 2001 ला बीबीसी टू वर सुरू झाली, रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट ह्या दोघांनी लिहिलेली. स्लाव नावाच्या गावातली कागद विकणारी कंपनी, तिचा डेव्हिड ब्रेंट नावाचा मॅनेजर. सहा-सहा भागांचे दोन सीझन आणि 2003 चे ख्रिसमसचे खास भाग, बस एवढंच. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत ब्रिटिश टीव्हीवर डॉक्युसोपची लाट येऊन गेली होती, म्हणजे विमानतळावरचे, ड्रायव्हिंग स्कूलमधले साधे लोक कॅमेऱ्यासमोर यायचे आणि बघता बघता फेमस व्हायचे. ब्रेंटच्या डोक्यात तेच बसलेलं आहे, कॅमेरा आलाय म्हणजे आपला नंबर लागला! अमेरिकन आवृत्ती एनबीसीवर 2005 ते 2013 चालली, नऊ सीझन, आणि 2019 ला हिंदीत फरीदाबादचं ऑफिस घेऊन हॉटस्टारवर पण आली.

आता मूळ मुद्दा. नेहमीच्या सिटकॉममधे पात्रांना कॅमेरा दिसत नाही, त्यामुळं साहेब मूर्खपणा करतो तेव्हा तो फक्त चार लोकांत करतो. मॉक्युमेंटरीत त्याला माहीत आहे की हे रेकॉर्ड होऊ लागलंय. मग तो मुळात जसा आहे तसा वागतच नाही, आपण कसे दिसायला पाहिजे तसा वागायला जातो, आणि ते जमत नाही. म्हणजे नुसती चूक न राहता चूक लपवायची धडपड पण आपल्याला दिसते, आणि खरी लाज त्या धडपडीची वाटते.

हे नुसतं सांगून कळत नाही, एक सीन रचून बघू. समजा जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं ऑफिस आहे, सीझन संपलेला, आणि आज तिथल्या शिपायाचा, सगळे ज्यांना मामा म्हणतात त्यांचा, निरोप समारंभ आहे. फ्लेक्स लागलेला, टेबलावर शाल, श्रीफळ, हार.

पहिला शॉट, साहेबांचा बाइट. खुर्चीत रेलून, एक हात खुर्चीच्या पाठीवर. "हे बगा, मी मामांना शिपाई कधी समजलोच नाही. आपल्या घरातलं माणूस. त्यांच्या घरी कोण काय करायलंय, कुणाची सोयरीक कुठं झाली, मला सगळं तोंडपाठ आहे."

दुसरा शॉट थेट मीटिंग रूम. साहेब शाल घालता घालता भाषण करतात, "मामांनी इतकी वर्षं कष्ट केले अन् आज त्यांची मुलगी पुण्यात इंजिनियर आहे, टाळ्या झाल्या पाहिजेत." दोन-तीन टाळ्या पडतात आणि थांबतात. मामा हळूच म्हणतात, "साहेब, पोरगा हाय. अन् तो इथंच हाय, गोडाऊनला." कॅमेरा गडबडीनं वळतो आणि मागं दाराशी पेढ्यांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पोरावर जाऊन थांबतो. मग अकाउंटच्या मॅडमकडं. मॅडम अर्धा सेकंद सरळ कॅमेऱ्यात बघतात आणि मान खाली घालतात. पंख्याचा आवाज. साहेब पण एकदा कॅमेऱ्याकडं बघतात आणि म्हणतात, "हां हां, मला माहीतच होतं, बघत होतो तुमचं लक्ष हाय का नाही!"

तिसरा शॉट, मामांचा बाइट. मांडीवर नारळ. "साहेब चांगलेत. त्यांना कामाचं लै टेन्शन असतंय." मग गप्प. कॅमेरा तिथंच थांबतो, कट करत नाही. मामा नारळाची शेंडी नीट करत बसतात.

आता ह्यातले दोन्ही बाइट काढून टाका आणि मधला शॉट तेवढा ठेवा. काय राहिलं? एका साहेबानं भाषणात घोळ घातला, जे कुठल्याही निरोप समारंभात होऊ शकतं, हसून सोडून द्यावं इतकंच. पहिल्या बाइटनं त्या घोळाला वजन दिलं, कारण "तोंडपाठ आहे" हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. बाइट आधी ठेवला की तो साहेबांनी दिलेला शब्द होतो, आणि भाषण सुरू झाल्या झाल्या आपल्याला कळतं की हा शब्द आता मोडणार, फक्त कधी आणि कुणासमोर एवढंच बाकी. तोच बाइट सीननंतर ठेवला असता तर हसू वेगळं झालं असतं, कारण खरं काय ते आपल्याला माहीत झालेलं आहे आणि साहेब आपल्याच तोंडावर खोटं बोलू लागलेत. आधीच्यात धास्ती जास्त, नंतरच्यात कीव जास्त. एडिटिंगच्या टेबलावर हा एकच बाइट इकडचा तिकडं केला तर साहेबाचा स्वभाव बदलतो, म्हणून हा फॉर्म जितका लेखकाचा तितकाच एडिटरचा आहे असं माझं ठाम मत आहे.

मॅडमची नजर हा वेगळा विषय आहे. मुलाखतीत बोलताना पात्र सहसा लेन्सच्या जरा बाजूला बघतं, कारण प्रश्न विचारणारा तिथं बसलाय असं धरलेलं असतं. सीन चालू असताना मात्र जी नजर टाकतात ती थेट लेन्समधे, म्हणजे आपल्याकडं. आतापर्यंत आपण लांबून बघत होतो, त्या अर्ध्या सेकंदात आपल्याला त्या रूममधे ओढून उभं केलं जातं आणि मॅडमचा प्रश्न असा की तुम्ही पण बघितलं ना. बघितलं तर आता तुम्ही पण साक्षीदार, आणि बोलता तर काहीच येत नाही. अमेरिकन मालिकेतला जिम नावाचा सेल्समन हे काम सतत करतो. पण ही नजर जपून वापरावी लागते, प्रत्येक मिनिटाला कुणीतरी कॅमेऱ्याकडं बघू लागलं की ते "आता हसा" असं सांगणं होतं, आणि मागं हसण्याचा आवाज लावण्यात आणि ह्यात मग फरक राहत नाही.

तो हसण्याचा आवाज ह्या प्रकारात लावतच नाहीत. स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर केलेल्या सिटकॉममधे साहेब चुकला की लगेच शंभर माणसं हसतात आणि आपली सुटका होते, हे गमतीनंच घ्यायचं हे ठरून जातं. इथं तसं काही नाही. पोरगा ट्रे घेऊन उभाच आहे, पंखा फिरतोच आहे, आणि हसायचं का वाईट वाटून घ्यायचं हे आपलं आपणच ठरवायचं. ते ठरत नाही तोवरचे जे दोन-तीन सेकंद असतात त्यातच सगळा खेळ आहे. म्हणून मामांच्या बाइटला शेवटी कट न करणं महत्त्वाचं, वाक्य संपताच कट केला तर मामा साधेभोळे वाटतात, थांबलं तर कळतं की मामांना सगळं समजलंय आणि ते साहेबांना सांभाळून घेऊ लागलेत.

बिघडतं कुठं, तर सगळ्यात जास्त ह्या एका ठिकाणी: बाइटमधे पात्र नुसता विनोद सांगून जातं. मॅडमचा बाइट घेतला आणि त्यात त्या म्हणाल्या की "साहेबांना तर कुणाचंच काही माहीत नसतं", तर गेलं सगळं, जे आपण बघितलं तेच परत सांगितलं. ओळखायची खूण सोपी आहे, बाइट काढून सीन बघायचा, अर्थ बदलला नाही तर तो बाइट भरतीचा होता. दुसरी चूक म्हणजे कॅमेरा जिथं जाऊच शकत नाही तिथं जातो, बंद खोलीत दोघंच आहेत आणि तरी चारी बाजूंनी शॉट्स, मग टीम आहे हे प्रेक्षक विसरतो आणि साहेबांचं कॅमेऱ्याला भिणंच खोटं पडतं. तिसरी गोष्ट, हसू खालून वर जायला पाहिजे. अपमान मामांचा होतो पण उघडे साहेब पडतात, हे उलटं झालं तर नुसता छळ बघायचा उरतो. साहेबांना पण नुसतं दुष्ट ठेवून चालत नाही. अमेरिकन मालिकेचा पहिला भाग बराचसा ब्रिटिश स्क्रिप्टवरच होता, दुसऱ्या सीझनपासून त्यांनी मायकल स्कॉटला, म्हणजे तिथल्या साहेबाला, जरा मऊ केलं, त्याला लोकांचं प्रेम पाहिजे आणि ते मागता येत नाही असं दाखवलं, आणि मग त्याचे बाइट लाज आणून पण जवळचे वाटू लागले.

कॅमेरा अडतो तिथं काय होतं त्याचा उत्तम नमुना ब्रिटिश मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात आहे. ऑफिसातला सेल्समन टिम बाइट देता देता मधेच उठतो, रिसेप्शनवरच्या डॉनला, जिच्यावर त्याचं प्रेम आहे तिला, एका खोलीत नेतो, दार लावतो आणि अंगावरचा माइक बंद करतो. काचेतून दोघं दिसतात, आवाज शून्य. मग तो येऊन जागेवर बसतो, माइक लावतो आणि ती नाही म्हणाली एवढंच सांगतो. मालिकाभर बाइट देऊन ज्यानं मन मोकळं केलं त्यानं खरी गोष्ट मात्र माइक काढूनच बोलली. माइक हा सोंगाचा भाग आहे हे त्या एका कृतीत कळतं.

मराठीत असं काही लिहायचं तर एक गोष्ट आधी ठरवावी लागेल, हे शूटिंग कोण बघणार आणि कधी. अमेरिकन मालिकेत ती डॉक्युमेंटरी प्रत्यक्षात प्रसारित होते ती शेवटच्या सीझनमधे, तोवर लोक साहेबाबद्दल बिनधास्त बोलतात. जालन्याच्या ऑफिसात उद्याच क्लिप व्हॉट्सॅपवर फिरणार असेल तर मॅडम बाइटमधे "साहेब लै मोठ्या मनाचे" असंच म्हणतील, आणि मग खरं काय ते सगळं त्यांच्या पदर सावरण्यात, घड्याळ बघण्यात लिहावं लागेल. ब्रिटिश लेखकांनी ह्याचा वापर 2003 च्या खास भागांत करून घेतला. तोवर कथेतली डॉक्युमेंटरी टीव्हीवर येऊन गेलेली आहे, ब्रेंटची नोकरी गेलेली, तो फिरता विक्रेता झालाय, आणि बीबीसीनं कापाकापी करून मला मूर्ख दाखवलं अशी तक्रार करतो. ती तक्रार पण तो त्याच टीमच्या कॅमेऱ्यासमोर करतो.