चिडचिड काळजीची की ताब्याची?

मार्चअखेर, लातुरातली एखादी पतसंस्था. आकडे जुळेपर्यंत रात्री नऊलाही ग्रुपवर मेसेज चालू असतात. बायको उत्तरं देते आणि नवरा म्हणतो, "एवढं काय बोलायलीस गं त्या ऑफिसवाल्यांशी?" हे वाक्य काळजीतूनही येतं आणि ताबा ठेवायच्या सवयीतूनही. कपाळावरची आठी दोन्हीकडे सारखीच. म्हणून चिडण्यावरून काही ठरवू नका, उत्तर मिळाल्यावर पुढे काय होतं ते बघा.

काळजीला ठरावीक कारण असतं. "शेवटची एसटी हुकली तर औशाला कशी येणार?" किंवा "जेवताना तरी फोन ठेव, आपलं बोलणंच होत नाही." कारणावर तोड निघाली की विषय मिटतो, आणि त्या तोडीत त्याचीही धावपळ असते, तो स्टँडवर घ्यायला येतो. कधी त्याला असूयाही वाटेल, तसं तो बोलूनही दाखवेल. तेवढ्यावरून त्याला वाईट ठरवू नये.

ताब्याचं समाधान उत्तराने होत नाही. आधी प्रश्न, तो सहकारी कोण? मग चॅट दाखव. दाखवलं तर, "डिलीट काय केलंस?" मग त्यांच्यासोबत चहाला जाऊ नको, ग्रुप सोड, आणि शेवटी, "नोकरीची गरजच काय?" तिने माघार घेतली की चार दिवस शांतता, नंतर नवी अट. प्रत्येक वेळी कमी होतं ते तिचंच. त्याच्या फोनला मात्र हात लावायचा नाही.

"तुझ्यावर विश्वास आहे, लोकांवर नाही," हे वाक्य फार गोड वाटतं. पण धोका खरंच लोकांचा असेल, तर तो आधी विचारेल, की तुला कुणाचा त्रास होतो का? आणि ती "नाही" म्हणाली तर ते मानेल. तिचा शब्द जिथे धरलाच जात नाही, तिथे अविश्वास तिच्यावरच आहे.

मला सगळ्यात गंभीर खूण वाटते ती तिच्याच वागण्यात. तो घरी यायच्या आत ती मेसेज पुसते, सहकाऱ्यांना सांगते, "सहानंतर फोन करू नका." लपवण्यासारखं काही नसताना माणूस लपवायला लागला, म्हणजे घरात भीती शिरली आहे.

एका रात्रीवरून निकाल देऊ नये. एखाद्या गोष्टीला शांतपणे "हे मी करणार नाही" म्हणून पाहावं. काळजी करणारा रुसेल, वाद घालेल, पण तिचा नकार राहू देईल. मात्र आधीच धमकी, मारहाण किंवा वस्तूंची फेकाफेक झाली असेल, तर ही परीक्षा घेऊ नका. आधी विश्वासातल्या माणसाला सांगा, किंवा दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो. त्यासाठी अंगावर वळ असावे लागत नाहीत.