पित्ताशयाच्या ऑपरेशनचे संमतीपत्र: सर्जनच्या टिपणावरून मसुदा कसा करावा

सर्जनचे टिपण बहुधा दोन ओळींचे असते: ‘लॅप कोले. खडे, वारंवार दुखणे. रिस्क: ब्लीडिंग, इन्फेक्शन, सीबीडी इंजुरी, कन्व्हर्जन. पर्याय: कॉन्झर्व्हेटिव्ह.’ ‘लॅप कोले’ म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणे. सर्जनला एवढे पुरते, सही करणाऱ्या पेशंटला यातून काहीच कळत नाही.

आधी जमवायचे कागद

हे टिपण, सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू औषधांची व अ‍ॅलर्जीची नोंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचे वाक्यच बदलते, म्हणून ही नोंद सोडू नका. भुलीचे संमतीपत्र वेगळे.

मसुदा

क्रम साधा ठेवा: आजार काय, काय करणार, धोके, दुसरे पर्याय, काहीच न केल्यास काय, शेवटी सही.

‘सीबीडी इंजुरी’चे नुसते भाषांतर करून भागत नाही. असे लिहा: “यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीला इजा होऊ शकते. असे साधारण १,००० पैकी ३ ते ५ जणांना होते. झाल्यास आणखी एक मोठे ऑपरेशन लागू शकते.” काय होते, किती जणांना होते आणि झाले तर पुढे काय, या तीन गोष्टी प्रत्येक गंभीर धोक्यापुढे हव्यात. आकडा टिपणात नसेल तर सर्जनला विचारा, मनाने घालू नका. एक धोका शंभरात आणि दुसरा हजारात दिला की वाचणारा फसतो, म्हणून सगळे आकडे हजारातच द्या.

‘कन्व्हर्जन’ सगळे जण धोक्यांत टाकतात. माझ्या मते ते ‘काय करणार’ याच भागात हवे: “दुर्बिणीतून सुरक्षितपणे करता आले नाही, तर पोटावर मोठा छेद घेऊन ऑपरेशन पूर्ण करू.” पेशंट त्या वेळी भुलीखाली असतो, त्याला विचारता येत नाही. म्हणून ही परवानगी आधीच स्पष्ट घ्यायची.

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणजे नेमके काय, हेही सर्जनकडूनच काढून घ्या. बहुधा अर्थ असा निघतो: कमी तेलकट आहार, दुखेल तेव्हा औषध आणि लक्ष ठेवणे. त्याने खडे जात नाहीत. पुन्हा दुखू शकते, पित्ताशयाला सूज येऊ शकते, खडा सरकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हेही तितक्याच ठळकपणे लिहा, नाहीतर पर्याय नावापुरता उरतो.

सही कोणाची, कधी

सज्ञान आणि माहिती समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या पेशंटची स्वतःची. नातेवाइकाची सही त्याला पर्याय नाही. लहान मुलासाठी पालक सही करतात. पेशंट बेशुद्ध असेल तर तिथला कायदा पाहावा. गुंगीचे औषध देण्याआधी, विचाराला वेळ ठेवून सही घ्यावी.

सहीआधी सर्जनने पेशंटला विचारावे, “काय करणार आहोत, तुमच्या शब्दांत सांगा बघू.” पेशंट “खडे काढणार” एवढेच म्हणाला, तर ‘काय करणार’ हा भाग पुन्हा लिहा, कारण आपण अख्खे पित्ताशय काढणार आहोत.