सरचार्ज आणि सेस नेमके कशावर लागतात?

“५० लाखांच्या वर उत्पन्न गेलं की १० टक्के सरचार्ज आणि ४ टक्के सेस, म्हणजे उत्पन्नाचे आणखी १४ टक्के गेले.”

हे दोन्ही उत्पन्नावर नव्हे, करावर लागतात. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ६० लाख करपात्र उत्पन्नावर मूळ कर १३,८०,००० रुपये होतो. त्याचा १० टक्के सरचार्ज १,३८,०००. दोन्ही मिळून १५,१८,०००, आणि त्यावर ४ टक्के सेस ६०,७२०. जादा भार १,९८,७२० रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या साधारण ३.३ टक्के. विवरणपत्रातल्या करगणनेत या रकमा वेगवेगळ्या ओळींत दिसतात, तिथे पडताळून पाहा.

मग मूळ दरच का वाढवत नाहीत? मोठं कारण राज्यघटनेत आहे. कलम २७० नुसार मूळ आयकर केंद्र आणि राज्यांत वाटला जातो, पण सरचार्ज आणि सेस त्या वाटपाबाहेर राहतात. मूळ दर वाढवला तर वाढीव पैशात राज्यांचाही वाटा. सरचार्ज वाढवला तर सगळी रक्कम केंद्राकडे. राज्यांची तक्रार मला रास्त वाटते. सेस ठरलेल्या कामासाठीच असतो, इथे आरोग्य आणि शिक्षण. सरचार्जवर तसं बंधन नाही.