कार्डावरची माती नेमकी कुणाची?

आपल्याकडे माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा 1955-56 पासून आहेत. पहिली कित्येक दशकं रीत एकच होती: शेतकऱ्यानं आपल्या रानातली माती पिशवीत भरून न्यायची. 19 फेब्रुवारी 2015 ला मृदा आरोग्य पत्रिका योजना आली आणि नमुना घ्यायचं काम सरकारी यंत्रणेकडे गेलं. बागायतीत अडीच हेक्टरला, म्हणजे सुमारे सव्वासहा एकराला एक नमुना ठरला, जिरायतीत दहा हेक्टरला. अख्ख्या देशाचा आवाका पाहता ते समजण्यासारखं आहे. पण कोल्हापुरात सव्वासहा एकरात चार-पाच मालक सहज निघतात, आणि नदीकाठच्या गावात एका टोकाला मळी तर दुसऱ्या टोकाला माळ. त्या कार्डावरून खत टाकणं म्हणजे शेजाऱ्याच्या रक्त तपासणीवर आपण गोळ्या घेणं.

म्हणून आपल्या रानाचा नमुना आपणच घ्यावा. ऊस तुटला, पण खोडव्याला अजून खत पडलं नाही, ही वेळ बरी. मळीचा वेगळा, माळाचा वेगळा नमुना. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीनं खरवडायची. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा सोडायची. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवायची, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत अजिबात भरायची नाही.

उसात चूक होते ती सरीत. स्फुरद जिथं पडतं तिथंच बसतं, फारसं हलत नाही. गेल्या खेपेला खत पडलेल्या पट्ट्यातून दोन-तीन खड्डे निघाले, की अहवालात स्फुरद फुगतं. मागच्या अहवालात 15 असलेला आकडा दोन वर्षांत 38 झाला, तर आधी खड्डे कुठं घेतले ते आठवावं.

याचा हिशेब पाहू. सुरू उसाची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद, 115 पालाश. अहवालातले आकडेही हेक्टरीच असतात, एकराला अडीचनं भागायचं. स्फुरद झालं 46 किलो, म्हणजे डीएपीची दोन पोती. 38 हा आकडा ‘अत्यंत जास्त’ वर्गात पडतो, तिथं मात्रा निम्मी: एक पोतं. कमी झालेल्या पोत्याबरोबर 9 किलो नत्रही जातं, ते वीस किलो युरियानं भरावं लागतं. आणि 38 हा आकडा पट्ट्यातल्या मातीमुळं आला असेल, रान खरं 15 चं, म्हणजे मध्यम असेल, तर त्याला दोन्ही पोती हवी होती.