कोटिकोन, पूरककोन आणि सेमी इंग्लिश : हा घोळ आला कुठनं?

कोल्हापुरात आता पाचवी-सहावीच्या वर्गात गेलात तर निम्म्याहून जास्त विषय मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्लिशमध्ये, असाच कारभार बऱ्याच शाळांत दिसतो. पूर्वी हे आठवीपासून असायचं. सातवीपर्यंत सगळं मराठीत, आठवीत तुकडी बदलायची आणि गणिताचं पुस्तक इंग्लिश यायचं. मग ते पाचवीवर आलं, पुढं काही शाळांनी पहिलीपासूनच सुरू केलं. २००० साली पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला त्यानंतर पालकांचा रेटा वाढला, इंग्लिश मीडियमकडं पोरं जायला लागली, पट टिकवायचा म्हणून शाळांनी सेमी घेतलं. माझं मत स्पष्ट आहे, हा निर्णय पटसंख्येच्या धाकानं झाला, गणित शिकवण्याच्या विचारानं झाला नाही. कारण आठवीला येणाऱ्या पोराच्या डोक्यात कोन, गुणोत्तर, अपूर्णांक आधीच बसलेले असायचे, त्याला फक्त नवीन नाव शिकायचं असायचं. आता नाव आणि संकल्पना एकदमच अंगावर येतात आणि चुकलं तर नक्की काय चुकलं ते मास्तरलाही कळत नाही.

फार मागं जायची गरज नाही. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानानं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते मराठीतच, त्यामुळं इथल्या खेड्यापाड्यात पिढ्यानपिढ्या गणित म्हणजे मराठी गणितच. शब्दांचा प्रश्न खरा उभा राहिला तो १९६० नंतर, राज्य झालं आणि परिभाषा ठरवायची वेळ आली तेव्हा. मराठीचे शब्द महाराष्ट्रात ठरले, हिंदीचे दिल्लीत ठरले, दोघांनीही संस्कृतातनंच उचलले पण एकमेकांशी जुळवून घेतले नाहीत. त्याचा त्रास आज होतोय आणि तो कसा ते एका जोडीवरनं सांगतो.

दोन कोनांची बेरीज ९० अंश झाली तर इंग्लिशमध्ये कॉम्प्लिमेंटरी, १८० झाली तर सप्लिमेंटरी. आपल्या मराठी पुस्तकात ९० वाल्यांना कोटिकोन म्हणतात आणि १८० वाल्यांना पूरककोन. आता सेमीतलं पोर डिक्शनरी उघडतं, तिथं कॉम्प्लिमेंटरीचा अर्थ काय? पूरक. मग ते सरळ पूरककोन धरतं आणि १८० घेतं. त्यात संध्याकाळी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघितला तर आणखी घोटाळा, कारण हिंदी पुस्तकांत पूरक कोण म्हणजे ९० आणि १८० ला संपूरक. म्हणजे पूरक हा एकच शब्द मराठीत १८०, हिंदीत ९०, आणि डिक्शनरीत दोन्ही इंग्लिश शब्दांना चालणारा. तेव्हा पोरगं निर्बुद्ध आहे असं नाही, तीन ठिकाणी तीन गोष्टी सांगितल्यात त्याला.

आणि वाईट याचं वाटतं की कोटिकोन हा शब्द खरं तर फार कामाचा आहे. ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटि, कर्ण म्हटलंय आणि जुन्या ज्योतिषगणितात ज्या आणि कोटिज्या होतीच. कोटिज्या म्हणजे आजचा कोसाईन. कोसाईनमधला 'को'सुद्धा कॉम्प्लिमेंटमधनंच आलाय. म्हणजे सातवीत कोटिकोन नीट समजला असला तर नववीत sin(90° − θ) = cos θ हे पाठ करावं लागत नाही, एका लघुकोनाचा साईन तोच त्याच्या कोटिकोनाचा कोसाईन, एवढंच ते आहे. सेमीत हा धागा तुटतो, कारण पोराला कोटि माहीत नसतं आणि कॉम्प्लिमेंटचा अर्थ फक्त डिक्शनरीपुरता.

आता वर्गात हे कळतं कसं ते बघा. सातवीला एक साधं गणित घाला, इंग्लिशमध्येच : दोन कॉम्प्लिमेंटरी कोन २:३ प्रमाणात आहेत, काढा. बरोबर उत्तर ३६ आणि ५४. ज्यानं ७२ आणि १०८ लिहिलं त्याचं गुणोत्तर चोख आहे, पाच भाग केले, एक भाग काढला, दुप्पट-तिप्पट केली, फक्त ९० ऐवजी १८० धरलं. उत्तर बरोब्बर दुप्पट आलं की समजायचं, शब्द चुकलाय, गणित नाही. त्याच्या वहीवर लाल फुली मारून "कन्सेप्ट वीक" लिहिलेलं मी पाहिलंय आणि ते अन्यायाचं आहे. पण कुणी ४५ आणि ४५ लिहिलं, किंवा ९० भागिले २ आणि ९० भागिले ३ करून ४५ आणि ३० लिहिलं तर त्याला ९० माहीत आहे, कच्चं आहे ते गुणोत्तर, तिथं शब्द घोकून काही होणार नाही. खात्री करायची तर फळ्यावर काटकोन काढा, मधनं एक किरण घ्या, "हे दोन कोन २:३, किती किती?" असं मराठीत विचारा. इथं जमलं आणि इंग्लिशमध्ये नाही जमलं तर शब्दाचाच प्रश्न, दुसरं काही नाही.

मग शिकवायचं कसं? डिक्शनरीला मधे आणू नका. शब्दाला शब्द न जोडता दोन्ही शब्द एकाच आकृतीला जोडा. आधी काटकोनाची आकृती आणि "कोटिकोन, बेरीज ९०", पोरांनी स्वतः दोन-चार जोड्या काढायच्या. मग त्याच आकृतीखाली कॉम्प्लिमेंटरी, आणि बाजूला सरळ रेषेवरच्या दोन कोनांखाली सप्लिमेंटरी. एक-दोन दिवस दोन्ही भाषा राहू द्या, नंतर मराठी झाका. शेवटी आकृतीही झाका आणि नुसत्या इंग्लिश वाक्यावरनं पोरालाच आकृती काढायला लावा. काटकोन काढला की सरळ रेषा काढली, एवढ्यावरच कळतं. आणि हिंदी व्हिडिओ बघणारे असतीलच, त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की त्यातलं पूरक म्हणजे आपलं कोटिकोन.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषा, आणि गणित-विज्ञानाला दोन भाषांतलं साहित्य असं म्हटलंय. म्हणजे जुनी आठवीची रेघ पुन्हा कागदावर आली, शाळा मात्र अजून पटाकडं बघूनच ठरवतात. दोन भाषांची पुस्तकं आली तरी शेजारी-शेजारी दोन शब्द छापले की काम झालं असं धरून चालणार नाही, कारण काही चुका शब्दांत नसतातच. "फाईव्ह लेस दॅन अ नंबर" यातला एकेक शब्द पोराला येतो आणि तरी ते 5 − x लिहितं, वाक्यात ५ आधी आलाय म्हणून. मराठीत "एका संख्येपेक्षा ५ ने कमी" म्हणताना संख्या आधी येते, x − 5 आपोआप पडतं. इथं आकृती चालत नाही, इथं पोराला आधी १२ घालून बघायला लावावं लागतं. बारापेक्षा पाचनं कमी किती रे? सात. मग तुझ्या 5 − x मध्ये १२ घाल, सात येतात का बघ.