नगरची गावे आणि एक सेंटिमीटर

भारतातली मुले आफ्रिकेतल्या कितीतरी गरीब देशांतल्या मुलांपेक्षा बुटकी का, हे कोडे १९९६ पासून मांडले जात आहे. तेव्हाचे उत्तर मुख्यतः आईभोवती होते: गरोदरपणात वजन न वाढणे, घरात सगळ्यांत शेवटी जेवणे. उघड्यावरच्या शौचामुळे मुलांची वाढ खुंटते, हा संडासाचा मुद्दा पुढे आला तो बऱ्याच नंतर.

मधल्या काळात मोजपट्टी बदलली. १९९७ ते २००३ दरम्यान सहा देशांतली सुस्थितीतली मुले मोजून जगासाठी उंचीचे नवे मानक ठरवले गेले. त्यात दक्षिण दिल्लीतलीही होती आणि त्यांची उंची नॉर्वे-ओमानच्या मुलांच्या आसपास निघाली. 'आपला वंशच बुटका' हा आक्षेप त्यानंतरही २०१३ मध्ये हिरिरीने मांडला गेला, पण दिल्लीच्या मुलांचे काय करायचे याचे समाधानकारक उत्तर त्यात मला सापडले नाही.

आतड्याचा धागा याहून जुना आहे. १९६० च्या दशकात पाकिस्तानात काम करणाऱ्या धडधाकट अमेरिकी तरुणांच्या आतड्यांतली अन्नरस शोषणारी लव आखूड झालेली आढळली, आणि मायदेशी परतल्यावर ती सुधारली. वंश तोच, फक्त पाणी आणि माती वेगळी. रांगणारे मूल शौचाची घाण मिसळलेली हीच माती तोंडात घालते. त्याला दरवेळी जुलाब होतीलच असे नाही. आतडे सुजते, अन्न नीट शोषले जात नाही आणि शरीराची ताकद वाढीऐवजी जंतूंशी झुंजण्यात जाते. या अवस्थेचे नाव तज्ज्ञांनी दोन-तीनदा बदलले, तरी तिची खात्रीशीर सोपी चाचणी अजून नाही.

आता नगरकडे. २००४ मध्ये नगर, नांदेड आणि नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी साठ गावे निवडून, चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या निम्म्या गावांत स्वच्छतेची मोहीम आधी राबवायची असे ठरले. मोहिमेत बांधकाम थोडे आणि समजावणे जास्त: गावसभा, शिवारफेरी, टमरेल घेऊन निघालेल्यांशी बोलणे. पाहणी तिन्ही जिल्ह्यांत झाली, मोहीम मात्र प्रत्यक्षात उतरली फक्त नगरमध्ये. तिथे संडास असलेल्या घरांचे प्रमाण जेमतेम आठ टक्के-बिंदूंनी वाढले, तरी मोहिमेच्या गावांतली मुले इतर गावांतल्या मुलांपेक्षा ०.३ ते ०.४ प्रमाण विचलनाने, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या उंचीत एरवी जेवढा फरक असतो त्या मापाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने, उंच भरली. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे साधारण एक सेंटिमीटर होते. त्या दशकातले सरासरी भारतीय मूल मानकापेक्षा जवळपास दोन विचलने, म्हणजे या वयात सहा सेंटिमीटरच्या आसपास, खाली होते.

हा एक सेंटिमीटर किती नाजूक आहे, हे अंगणवाडीत मोजणी पाहिलेल्यालाच कळेल. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर आडवे ठेवायचे, एकीने डोके धरायचे, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ करायचे. बाळ तोवर भोकाड पसरते आणि पाय आखडून घेते. त्याच मुलाला उभे मोजले तर आकडा सरासरी ०.७ सेंटिमीटरने कमी येतो. जन्मतारीख महिनाभर चुकली तरी निष्कर्ष हलतो.

त्यापेक्षा मोठा वाद निवडीचा आहे. जिथे यंत्रणेत दम होता तिथेच प्रयोग झाला. मग उंची संडासांमुळे वाढली म्हणायचे, की कार्यक्रम तडीस नेऊ शकणाऱ्या जिल्ह्यात काहीही केले तरी फळ दिसते? चिठ्ठ्यांमुळे नगरमधली तुलना शाबूत राहते, हे मान्य. पण नगरचे फळ नंदुरबारला मिळेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. आठ बिंदूंच्या वाढीतून एवढा परिणाम कसा, या शंकेला समर्थकांचे उत्तर असे की एका घराच्या संडासाचा फायदा शेजारच्या घरालाही होतो आणि दाट वस्तीत तो जास्त होतो. मला ते पटते, पण पुरेसे वाटत नाही.

नंतरच्या प्रयोगांनी पाणी गढूळच केले. ओडिशात संडास असलेल्या घरांचे प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेले, मुलांच्या वाढीत फरक पडला नाही. बांधलेले संडास अनेकजण वापरतच नव्हते. मध्य प्रदेशातही फरक दिसला नाही. आफ्रिकेतल्या माली देशात मात्र उंची वाढली. २०१८-१९ मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांचे निकाल आले: पूरक आहाराने उंचीत थोडी भर पडली, संडास आणि हात धुण्याने नाही. उघड्यावर जाणे जवळपास संपलेल्या बांगलादेशात २०१७-१८ मध्येही ३१ टक्के मुले खुंटलेली, म्हणजे मानकापेक्षा दोनाहून जास्त विचलने खाली, होती. अंगणात कोंबड्या, खड्डा उथळ, बाळाची शी उकिरड्यावर, अशा ठिकाणी एका घरातली घाण कमी करणे बहुधा फार तोकडे पडते.

भारतात संडासाची सोय नसलेली घरे २००५-०६ मध्ये ५५ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये १९ टक्क्यांवर आली. खुंटलेली मुले याच काळात ४८ वरून ३५.५ टक्क्यांवर उतरली. महाराष्ट्रात २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांदरम्यान हा आकडा ३४.४ वरून ३५.२ टक्के झाला.