पंधरा सेकंदांत वाक्य कुठे संपवायचं? ‘एक शॉट, एक वाक्य’ या नियमाची पार्श्वभूमी

गुहागरपासून देवगडपर्यंत घरगुती माल विकणारी जी मंडळी मोबाइलवर स्वतःच जाहिरात करतात, त्यांच्या शॉटवार पटकथेचा साचा बहुतेक एकच असतो. पाच शॉट, प्रत्येकी तीन सेकंद आणि प्रत्येक शॉटसमोर एक पूर्ण वाक्य. शॉट बदलला की वाक्यही संपलं पाहिजे, असं शिकवणारेही सांगतात. पण हा नियम मुळात आवाजासाठी नव्हताच, आणि मराठीत तो जरा जास्तच त्रास देतो.

कोकणात पंधरा सेकंदांची सवय लागली ती २०२० मध्ये. मार्चअखेर टाळेबंदी लागली, ऐन हंगामात आंब्याची नेहमीची बाजारसाखळी विस्कळीत झाली आणि बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायला हाताशी होतं ते व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. नेमकी त्याच सुमारास भारतात स्टेटसवरच्या व्हिडिओची मर्यादा तीसवरून पंधरा सेकंदांवर आणली होती. पुढे जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले, तेही पंधरा सेकंदांचेच. वर्षभरात मर्यादा वाढल्या, पण हात तोवर पंधरावर बसला होता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. आपल्याकडे सरकारी दूरचित्रवाणीवर जाहिराती १९७६ पासून दिसू लागल्या. जाहिराती फिल्मवर निघत, तेव्हा पंधरा सेकंद म्हणजे ३५ मिलिमीटरच्या फिल्मची साडेबावीस फूट लांबी. फिल्म महाग, म्हणून कट कुठे पडणार हे शूटिंगआधी कागदावरच ठरायचं. त्या कागदावर दोन रकाने असत, डावीकडे चित्र आणि उजवीकडे आवाज. ओळीसमोर ओळ आली की त्या शॉटचं वाक्य त्या शॉटपुरतंच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात संकलक आवाजाची पट्टी चित्राच्या पुढे-मागे सरकवत असत. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू करायचा, किंवा मागचा आवाज नव्या चित्रावर थोडा वाहू द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम होतं. रकाने मोबाइलपर्यंत आले. सरकवणं मात्र मागेच राहिलं.

नियमाला खरं बळ मिळालं ते पडद्यावरच्या ओळींमुळे. परभाषी चित्रपटांच्या उपशीर्षकांचा एक जुना दंडक आहे की शक्यतो ओळ कटच्या पलीकडे लोंबकळू देऊ नये. चित्र बदललं आणि ओळ तीच राहिली, तर वाचणारा ती नवी समजून पुन्हा वाचायला लागतो. रील पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओवर ओळी चढवल्या जाऊ लागल्या, त्यांच्यासोबत हा दंडकही आला, आणि ओळींसाठी योग्य असलेलं पथ्य बोलण्याला लावलं गेलं. भर म्हणून संगीताच्या ठेक्यावर सारख्या अंतराने आपोआप कट पाडणारे तयार साचे होतेच.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. लिखित ओळ कटवर बदलावी, यात वाद नाही. बोललेलं वाक्य कटवर संपलंच पाहिजे, याला मात्र काही आधार नाही. उलट प्रत्येक कटवर वाक्य संपलं की प्रत्येक कटवर पूर्णविराम ऐकू येतो, आणि पाहणाऱ्याला अंगठा वर सरकवायला तेवढ्याच वेळा सोयीची जागा मिळते.

मराठीत हे जास्त जाणवतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. आमसुलाच्या जाहिरातीची ही नेहमीची पहिली संहिता पाहा: ‘रातांबे झाडावरून उतरवले जातात. मग ते फोडून बिया काढल्या जातात. नंतर साल मिठाच्या रसात भिजवली जाते. ती कडक उन्हात वाळवली जाते. असं आमसूल घरी तयार केलं जातं.’ पाच शॉट, पाच वाक्यं आणि कटच्या तोंडावर पाचही वेळा ‘जातात’, ‘जाते’ नाहीतर ‘जातं’. शिवाय ज्याचं चित्र दाखवायचं ते नाम वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं. म्हणजे शॉटचा शेवटचा सेकंद निव्वळ क्रियापदाचं शेपूट ऐकण्यात जातो. त्यातून वाचन जरा रेंगाळलं तर कापलं जातं ते हेच शेपूट.

आता हाच माल दुसऱ्या पद्धतीने बसवू. मोजताना शब्द मोजू नयेत. विभक्तीप्रत्यय चिकटल्यामुळे मराठी शब्द लांबीला फार असमान असतात. तोंडाने उच्चारताना पडणारी अक्षरं मोजावीत आणि सेकंदाला पाच धरावीत. सावकाश, ऐकू येईल असं वाचायला तेवढं पुरतं. पंधरा सेकंदांत पंचाहत्तर मावतात, पण लिहायची पन्नासच्या आसपास.

‘मे महिना. रातांबे पिकले.’ झाडावरचं लाल फळ, दोन सेकंद. ‘फोडा, बिया काढा,’ विळीवर हात, दीड सेकंद. ‘साल मिठाच्या रसात बुडवा,’ याला पूर्ण तीन सेकंद. बोलणं दोन सेकंदांच्या आतच संपतं. उरलेल्या सेकंदात बोटांवरून रस पातेल्यात गळताना दिसतो आणि ऐकूही येतो. ‘उन्हात वाळवा,’ अंगणातल्या चटईवर पसरलेली सालं, दोन सेकंद. मग ‘पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा,’ एकेका सेकंदाचे दोन तुकडे. पुटं देण्याचं काम किती चिवट असतं हे त्या घाईतूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. शेवटचा शॉट साडेचार सेकंदांचा. तळहातावर काळपट, मिठाचे कण चिकटलेलं आमसूल आणि आवाज: ‘काळं पडेपर्यंत. हे आमचं आमसूल.’ बोलणं सव्वादोन सेकंदांत आटोपतं आणि फोन नंबर वाचायला तेवढाच वेळ उरतो.

इथे ‘फोडा’पासून ‘काळं पडेपर्यंत’पर्यंत एकच वाक्य सहा शॉटमधून वाहतं. लिखित ओळी मात्र प्रत्येक कटवर बदलतात, म्हणजे उपशीर्षकाचा दंडकही मोडत नाही. ‘काळं पडेपर्यंत’ हे शब्द शेवटच्या कटच्या थोडे आधी, साधारण पाव सेकंद, सुरू करावेत. तीस फ्रेमच्या व्हिडिओत हे सातआठ फ्रेम होतात. आधी शब्द, मग चित्र, अशा क्रमाने कट खटकत नाही. पाव सेकंदाचा अर्धा-पाऊण झाला तर मात्र काळं काय पडायचं तेच कळत नाही, कारण पडद्यावर अजून लाल सालंच असतात.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं अगदीच फोल नाही. वाहतं वाक्य एका दमात, एकाच सुरात वाचावं लागतं. तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड केलं तर प्रत्येक सांध्यावर सूर खाली येतो आणि स्वल्पविराम पूर्णविरामासारखे ऐकू येतात. अंगणात समुद्राचा वारा असेल तर एका दमाचं रेकॉर्डिंग बाहेर जमत नाही. खोलीत दार लावून, गोधडीखाली बसून करावं लागतं. शिवाय नंतर एक शॉट बदलायचा म्हटलं तर ‘एक शॉट, एक वाक्य’ पद्धतीत तेवढाच तुकडा काढून नवा घालता येतो. वाहत्या वाक्यात सगळं पुन्हा वाचणं आलं. दर आठवड्याला भाव बदलणाऱ्या आंब्याच्या जाहिरातीला म्हणूनच जुना साचा अजून परवडतो. आमसुलाचा भाव हंगामभर फारसा हलत नाही, तिथे ती सबब चालत नाही.